तीन भाषांतील मेनूकार्ड: शब्दशः भाषांतर कसे टाळावे?

प्रश्न: "सिचुआन पद्धतीच्या पदार्थांचे मेनूकार्ड चिनी, इंग्रजी आणि मराठीत करायचे आहे. भाषांतर करून घेतले, पण वाचून पदार्थ काय आहे तेच कळत नाही. काय करावे?"

उत्तर: तुमचा प्रश्न वाचून माझे पहिले मेनूकार्ड आठवले. मी एका भाषांतर कार्यालयाला पदार्थांच्या नावांची नुसती यादी दिली आणि तिथेच चुकलो. पदार्थ कशाचा आहे, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

'मायी शांग शू'चे त्यांनी 'झाडावर चढणाऱ्या मुंग्या' केले. हे निदान वाचताच खटकले. वर्णनात मात्र 'काचेच्या शेवया आणि मांस' असे होते, आणि त्यातली गंभीर चूक छापून झाल्यावर उमगली. चिनीत 'रौ' म्हणजे मांस, पण नुसते 'रौ' म्हटले की बहुधा डुकराचेच मांस अभिप्रेत असते. मराठीत 'मांस' वाचून डुकराचे मांस न खाणाऱ्या एका पाहुण्यांनी तो पदार्थ मागवला. त्यांची माफी मागताना मला जे वाटले, ते मी विसरलेलो नाही. सर्व प्रती रद्द कराव्या लागल्या. कार्यालयाचे म्हणणे एवढेच, की भाषांतर मुळाप्रमाणेच आहे.

म्हणून माझे ठाम मत असे, की एका भाषेतून दुसरीत भाषांतर करूच नये. आधी आचाऱ्यासमोर बसून प्रत्येक पदार्थाची टिपण लिहावी: मुख्य जिन्नस, कोणाचे मांस, कसे शिजवले, चव कशी. मग त्या टिपणावरून तिन्ही भाषांत स्वतंत्रपणे लिहावे. आता माझ्याकडे मराठीत असे आहे:

"मायी शांग शू: मुगाच्या स्टार्चच्या पारदर्शक नूडल्स, डुकराच्या मांसाच्या खिम्यासह परतलेल्या, आंबवलेल्या कडधान्याच्या मिरचीयुक्त पेस्टमुळे तिखट व खारट. खिम्याचे कण फांदीवरच्या मुंग्यांसारखे नूडल्सना चिकटतात, म्हणून हे नाव."

'शेवया' मी मुद्दाम टाळले, कारण तो शब्द वाचताच मराठी वाचकाला खीर आठवते. चिनी मजकुरात पारदर्शक नूडल्स समजावण्याची गरज नाही. तिथे तिखटाचे प्रमाण सांगितले तरी पुरते. तिन्ही मजकुरांची लांबी सारखी नसली तरी चालेल, पण मांसाचा प्रकार आणि ॲलर्जीची सूचना तिन्हींत सारखीच हवी. वरच्या पेस्टमध्ये, म्हणजे दोबानजियांगमध्ये, बाकल्यासोबत बहुधा गव्हाचे पीठ आणि काही वेळा सोयाबीनही असते. त्यामुळे आपल्या बाटलीवरचे घटक वाचूनच ती सूचना लिहावी. कायद्याने काय छापणे बंधनकारक आहे, हे मात्र तुमच्या ठिकाणच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांना विचारा. मी त्यातला जाणकार नाही.

छापण्यापूर्वी पदार्थ कधीही न खाल्लेल्या एकेका वाचकाला फक्त त्याच्या भाषेतले वर्णन द्यावे आणि ताटात काय येईल ते सांगायला लावावे. तिघांची उत्तरे जिथे जुळत नाहीत, तिथले वाक्य पुन्हा लिहावे.