खोक्यासकट अर्धा किलो: काजू कतलीच्या 25 बॉक्सचा हिशोब

प्रश्न: सर, दिवाळीला नातेवाइकांना द्यायला काजू कतलीचे अर्ध्या किलोचे 25 बॉक्स फोनवर सांगून ठेवले होते, भाव 1,000 रुपये किलो. आणायला गेले तेव्हा बॉक्स भरून तयारच होते. घरी एक उघडून वजन केलं तर कतली 432 ग्रॅम आणि खोकं 68 ग्रॅम! दुकानदार म्हणतो वजन बॉक्ससकटच असतं, सगळीकडे हीच पद्धत, नको होतं तर सुटी घ्यायची. 18 बॉक्स वाटून झाले, 7 शिल्लक आहेत. आता काही करता येईल का? आणि पुढच्या वेळी बॉक्स घ्यावा का सुटी मिठाई?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी ते उरलेले 7 बॉक्स उघडू नका आणि कुणाला देऊ पण नका, आणि बिल शोधून ठेवा. तुमची केस या दोन गोष्टींवरच उभी राहणार आहे.

बिलावर नेमकं काय लिहिलंय ते बघा. "काजू कतली साडेबारा किलो, दर 1,000, एकूण 12,500" असं काहीतरी असेल तर दुकानदाराने स्वतःच लिहून दिलंय की साडेबारा किलो कतली दिली, पुठ्ठ्याचा त्यात कुठे उल्लेख नाही. सगळे बॉक्स तुम्ही उघडलात तसेच निघाले तर तुम्हाला मिळाली 10 किलो 800 ग्रॅम, म्हणजे 1 किलो 700 ग्रॅम कमी, म्हणजे 1,700 रुपये. खोकं तुम्ही कतलीच्या भावाने विकत घेतलंय, एका खोक्याचे 68 रुपये पडले!

आता "सगळीकडे हीच पद्धत" याबद्दल. हे वाक्य दरवर्षी ऐकतो आणि दुकानदाराला खरंच वाटत असतं की हा बचाव आहे. पण वैधमापनशास्त्र अधिनियम 2009 मधलं कलम 12 नेमकं यावरच आहे, ठरलेल्या वजनापेक्षा कमी किंवा जास्त देण्याघेण्याची कुठलीही रूढी, प्रथा, पद्धत असेल तर ती शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी ती नाहीच. त्यामुळे गावातल्या सगळ्या दुकानांत तसं चालत असलं तरी त्याचा त्याला उपयोग नाही.

तुमच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे जी दुकानदाराच्या लक्षात आलेली दिसत नाही. बॉक्स तुम्ही समोर नसताना, आधीच ठरलेल्या वजनाने भरले गेले. ग्राहक हजर नसताना ठराविक मापाने जे पॅक होतं ते कायद्यात आवेष्टित वस्तू धरतात, मग पॅकिंग सीलबंद असो वा नुसतं झाकण लावलेलं. अशा पॅकवर निव्वळ वजन, एमआरपी, पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीसाठी नंबर वगैरे छापलेलं लागतं आणि निव्वळ वजन म्हणजे वेष्टन सोडून फक्त आतला माल, त्यात बटर पेपर आणि आतला ट्रेसुद्धा धरायचा नाही. तुमच्या बॉक्सवर दुकानाच्या नावाशिवाय काही नसेल तर तो वेगळा मुद्दा होतो. ते म्हणतील की हे ऑर्डरप्रमाणे भरलेलं आहे, तयार पॅक नाही, म्हणू देत, मग तो काट्यावर तोलून विकलेला सुटा माल ठरतो आणि तिथेही तोलायची ती कतलीच, खोकं नाही.

थोडीफार घट कायदा माफ करतो. 500 ग्रॅमच्या पॅकला 15 ग्रॅमपर्यंत फरक चालतो, तुमचा 68 आहे. मिठाई वाळली असंही सांगतील, म्हणून वजनाला उशीर करू नका. घरच्या किचनच्या काट्यावरचं वजन समजायला ठीक आहे पण तक्रारीत त्याला फार किंमत नाही. स्टॅम्पिंग झालेला काटा असलेल्या ओळखीच्या किराणावाल्याकडे 2-3 बॉक्स घेऊन जा, कुणाला तरी सोबत न्या, आणि न थांबता एक सलग व्हिडिओ काढा: काटा झिरो, बंद बॉक्स, मग उघडून रिकामं खोकं कागदासकट, मग नुसती कतली. बाकीचे बॉक्स बंदच राहू देत. ज्यांना दिले त्यातल्या जवळच्या दोघा-तिघांकडे रिकामी खोकी असली तर मागून घ्या, जरा ऑकवर्ड वाटेल पण त्याने 18 बॉक्सच्या दाव्याला आधार मिळतो.

तक्रार कुठे, यात लोक गोंधळतात. वैधमापनशास्त्र विभागाचा निरीक्षक दुकानात जाऊन तपासतो आणि कारवाई करतो, पण तो दंड सरकारजमा होतो, तुमचे 1,700 त्यातून येत नाहीत. पैसे हवे असतील तर आधी दुकानदाराला साधं पत्र द्या, हिशोब लिहून आणि 15 दिवसांची मुदत देऊन, मग 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार, आणि तरी नाहीच दिले तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे खरेदी 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागत नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं आणि मुदत 2 वर्षं आहे. खरं सांगू का, 1,700 साठी आयोगात तारखा घालवाव्यात असं मी सांगणार नाही, विभागाची तक्रार आणि हेल्पलाइन दोन्ही एकदम करा, माझ्या अनुभवात निरीक्षक येऊन गेला की दुकानदार आपणहून फोन करतो.

आता बॉक्स का सुटी. नेहमी एकच भागाकार करायचा, दिलेले पैसे भागिले निव्वळ मिठाईचं वजन. तुम्ही 432 ग्रॅमला 500 दिले, म्हणजे किलोला साधारण 1,157 पडले. त्याऐवजी सांगा की आधी रिकामं खोकं काट्यावर ठेवून झिरो करा, मग 500 ग्रॅम कतली भरा, आणि बॉक्सचे वेगळे पैसे काय ते बोला. समजा 15 रुपये म्हणाला तर 515 ला पूर्ण अर्धा किलो, म्हणजे किलोला 1,030, आणि 25 बॉक्सचं पॅकिंग 375 मध्ये होतं, 1,700 मध्ये नाही. मात्र हे 15 रुपये आधी सांगायला हवेत, बिल करताना गुपचूप लावायचे नाहीत.

आणि ते चकचकीत, मॅग्नेटचं झाकण असलेले गिफ्ट बॉक्स? समजा छापलंय निव्वळ वजन 400 ग्रॅम, एमआरपी 650. किलोला 1,625 पडतात, म्हणजे 400 ची कतली आणि 250 चं खोकं. महाग आहे, पण बेकायदा नाही! वजन खरं छापलं असेल तर खोक्याची किंमत किती लावावी यावर कायद्याचं बंधन नाही, तिथे माझ्याकडे येऊन उपयोग नाही. अशा पॅकवर हल्ली एका ग्रॅमचा भावपण छापावा लागतो, इथे तो 1.63 रुपये दिसेल, अक्षर बारीक असतं पण त्याला 1,000 ने गुणलं की शेजारच्या ट्रेमधल्या सुट्या कतलीच्या पाटीशी लगेच तुलना होते.