शॉर्टसर्किटने फ्लॅटमध्ये आग लागली तर विमा मिळतो का?

कोल्हापुरात राजारामपुरीत फ्लॅट आहे. एसीत शॉर्टसर्किट होऊन आग लागली, पडदे आणि कपाट जळालं. क्लेम मिळेल का, किती दिवसांत?

उत्तर: पडदे, कपाट, भिंतींचा मिळेल, पण एसीचा बहुधा नाही. भारत गृह रक्षा या घराच्या विमा पॉलिसीत ज्या उपकरणात शॉर्टसर्किट झालं तेवढंच वगळलेलं असतं. तिथून पसरलेल्या आगीचं नुकसान धरतात. म्हणून आग कुठून सुरू झाली हे महापालिकेच्या अग्निशमन दलाच्या दाखल्यात नीट लिहून घ्या. सोबत क्लेम फॉर्म, फोटो, बिलं आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक द्या. कंपनीला लगेच कळवा. नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत जळकं सामान भंगारात देऊ नका, लोक इथंच चुकतात. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४च्या नियमांनुसार सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतर ७ दिवसांत निर्णय. कागद अपुरे असले तर मात्र हे लांबतं.