नव्या वेटरच्या हातात ऑर्डरचं पॅड कधी द्यायचं?

प्रश्न: आमचं 18 टेबलांचं फॅमिली रेस्टॉरंट आहे. सोमवारपासून नवा मुलगा येतोय, आधी कुठेच काम केलेलं नाही. पहिल्या आठवड्यात काय काय शिकवायचं?

उत्तर:
आधी डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट. अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा तपासणी हवी, असा एफएसएसएआयचा नियमच आहे.

पहिले दोन दिवस पॅड देऊ नका. टेबलांचे नंबर पाठ करणं, पाणी देणं आणि टेबल साफ करणं एवढंच. ग्लास खालून धरायचा, बोटं कडेला लागता कामा नयेत. आणि शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत ताटं उचलायची नाहीत. तिसऱ्या दिवशी मेनू, पण पाठांतर नको. रोज खपणाऱ्या भाज्या त्याला चाखायला द्या. कशात काजू आहे, कशात कांदा-लसूण आहे, काय तिखट आहे, हेच लोक विचारतात.

चौथ्या दिवसापासून कॅप्टनच्या शेजारी उभं राहून ऑर्डर लिहू द्या. समजा, 7 नंबरवर पाच जण आलेत: आजी, नवरा-बायको, दोन मुलं. किचनच्या दाराजवळची खुर्ची 1, तिथून घड्याळाच्या दिशेने पुढचे आकडे. दोन सूप, पनीर टिक्का, व्हेज कोल्हापुरी, आजींसाठी जैन डाळ आणि रोट्या. प्रत्येक पदार्थापुढे खुर्चीचा आकडा लिहायचा. ‘जैन’ हा शब्द डाळीच्या ओळीतच हवा. खाली वेगळा लिहिला तर घाईत आचारी तो वाचत नाही आणि फोडणीत लसूण पडतो. मग सगळी ऑर्डर मोठ्याने वाचून दाखवायची.

पहिल्या केओटीवर, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, फक्त सूप आणि टिक्का. टिक्क्याचे दोन-तीन तुकडे उरले की भाजी-डाळीची दुसरी. सगळं एकदम पाठवलं तर सूप संपायच्या आत भाजी येऊन टेबलावर गार होते. रोट्या भट्टीवरून आधी तीनच मागवा, बाकीच्या जेवण सुरू झाल्यावर. दहा मिनिटं पडलेली तंदूर रोटी चिवट होते.

वाढताना आजी आधी. हॉटेल मॅनेजमेंटवाले डावीकडून वाढा, उजवीकडून उचला असं शिकवतात. भिंतीला लागून सोफा असेल तर ते जमत नाही. तिथे मोकळ्या बाजूने वाढा, फक्त कोणाच्या तोंडासमोरून हात जाऊ नये. ‘सूप कोणाचं?’ असं टेबलाशी विचारावं लागलं, तर खुर्चीचे आकडे लिहिले नाहीत असं समजा.

एखादा पदार्थ रद्द झाला तर त्याने स्वतः खोडायचं नाही. किचनला आधी सांगायचं, मग केओटीवर कॅप्टनची सही. नाहीतर रात्री गल्ल्यावर हिशेब लागत नाही.

बिलाचं काम शेवटच्या दोन दिवसांत. गिऱ्हाईकाला देण्याआधी केओटीच्या प्रतींशी ताडून बघायचं. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच सांगितलंय. तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये तो चालू असेल तर आधी बंद करा. टेबलाशी त्यावरून वाद झाला तर सगळं नव्या पोरालाच ऐकून घ्यावं लागतं.