रजेच्या अर्जात ‘मिळावी’ कुठे आणि ‘करतील’ कुठे?

प्रश्न : वरिष्ठांना पाच दिवसांच्या रजेचा अर्ज मराठीत द्यायचा आहे. ‘रजेच्या काळात कामात अडथळा येणार नाही याची दक्षता घेण्यात येईल’ असं लिहिलं, तर ‘म्हणजे नक्की कोण काय करणार?’ असा प्रश्न आला. सरळ लिहायला गेलो तर उर्मट वाटतं. मान राखून स्पष्ट कसं लिहावं? आणि ‘माझा कार्यभार अमुक यांच्याकडे सोपवत आहे’ हे बरोबर आहे का?

उत्तर : रजेच्या अर्जात दोन वेगळी कामं असतात, आणि दोन्हींना एकच भाषा वापरली की घोटाळा होतो. पहिलं काम मागण्याचं, दुसरं सांगण्याचं. मागताना कर्ता झाकलेला चांगला, सांगताना तो उघडा हवा.

आधी मागण्याचं बघू. ‘रजा मंजूर करावी’ या वाक्यात ‘आपण’ हा कर्ता दडलेला आहे आणि मराठीत ‘-वे’चं हे रूप विनंतीला चालतं तसंच हुकमालाही चालतं. ‘अर्जदारांनी रांगेत उभे राहावे’ ही काही विनंती नव्हे. म्हणून ‘मंजूर करावी’ हे चूक नसलं तरी वाचणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून राहतं. ‘रजा मिळावी, ही विनंती’ किंवा ‘रजा मंजूर व्हावी’ यात कर्त्याच्या जागी रजाच येते. वरिष्ठांनी काय करावं हे तुम्ही सांगत नाही, आपल्याला काय हवं तेवढं सांगता. नम्रता तिथेच पूर्ण होते. त्यावर ‘कृपाळू होऊन’, ‘तसदीबद्दल क्षमस्व’ असे थर चढवायची गरज नाही. ‘मंजूर होईल अशी अपेक्षा आहे’ हे मात्र टाळावं. अपेक्षा पुरी झाली नाही तर दोष समोरच्याचा, असा त्यात सूर येतो. ‘कृपया नोंद घ्यावी’ तर अजिबात नको, ती वरून खाली येणाऱ्या सूचनेची भाषा आहे. आधी ‘कृपया’ लावल्याने तिची दिशा बदलत नाही.

आता सांगण्याचं. ‘दक्षता घेण्यात येईल’, ‘व्यवस्था करण्यात आली आहे’, ‘संबंधितांना सूचना देण्यात आल्या आहेत’ ही ‘-ण्यात येणे’वाली रचना आदेश आणि जाहीर सूचनांसाठी सोयीची आहे. तिथे कर्ता म्हणजे कार्यालय, व्यक्तीचं नाव महत्त्वाचं नसतं. कामाच्या सोयीत नाव हेच महत्त्वाचं. तुम्हाला आलेला प्रश्न रास्त होता, कारण त्या वाक्यात दक्षता घेणारा माणूसच नाही. इथे कर्तरी प्रयोग वापरा : ‘श्री. क हे काम करतील.’ हे उर्मट वाटेल अशी भीती नको. उद्धटपणा वाक्याच्या सरळपणातून येत नाही, निर्णय कोणाचा हे विसरल्याने येतो.

‘कार्यभार सोपवत आहे’ इथे नेमकं हेच होतं. कार्यभार म्हणजे पदाबरोबर येणारे अधिकार, सहीसुद्धा. तो कोणाला द्यायचा हे वरिष्ठ ठरवतात, बहुतेक ठिकाणी त्यासाठी वेगळा आदेश निघतो. अर्जदाराने ‘सोपवत आहे’ म्हटलं की रजा मिळायच्या आधीच त्याने वरिष्ठांचं काम उरकलं. तुमच्याकडे सहीचे अधिकार असतील तर ‘माझा कार्यभार श्री. क यांच्याकडे देण्यात यावा, असे सुचवतो’ असं लिहा. इथे ‘देण्यात यावा’ योग्य, कारण देणारे वरिष्ठ आहेत आणि त्यांना हुकूम करायचा नाही. अधिकार नसून नुसती कामं असतील तर ‘कार्यभार’ हा भारदस्त शब्द काढून टाका आणि कामांची नावं लिहा.

उदाहरण म्हणून खरेदी विभागातल्या एका कर्मचाऱ्याचा अर्ज घेऊ. त्याच्याकडे तीन कामं आहेत : दरपत्रकं उघडणं, पुरवठादारांची देयकं तपासणं आणि साठा पडताळणीचा अहवाल. शनिवार-रविवार साप्ताहिक सुट्टी आहे.

> दिनांक : २३ फेब्रुवारी २०२६
>
> प्रति,
> मा. विभागप्रमुख,
> खरेदी विभाग
>
> विषय : ९ ते १३ मार्च २०२६ या काळात पाच दिवसांची अर्जित रजा मिळण्याबाबत.
>
> महोदया,
>
> घरातील लग्नकार्यासाठी मला सोमवार, ९ मार्च ते शुक्रवार, १३ मार्च २०२६ (दोन्ही दिवस धरून) पाच दिवसांची अर्जित रजा मिळावी, ही विनंती. सोमवार, १६ मार्च रोजी मी कामावर हजर होईन.
>
> या काळातील कामाची व्यवस्था पुढीलप्रमाणे सुचवत आहे. त्यास आपली संमती असावी.
>
> बुधवार, ११ मार्च रोजी दरपत्रके उघडायची आहेत. हे काम श्री. क करतील. तुलनात्मक तक्त्याचा नमुना मी त्यांना दिला आहे. तो भरून ते त्याच दिवशी आपल्या सहीसाठी ठेवतील.
>
> शुक्रवार, ६ मार्चपर्यंत आलेली देयके मी तपासून लेखा विभागाकडे पाठवीन. त्यानंतर येणारी देयके श्रीमती ग नोंदवहीत घेऊन तपासतील. रकमेत तफावत असलेली देयके त्या बाजूला ठेवतील. ती मी १६ मार्चला पाहीन.
>
> साठा पडताळणीचा अहवाल मी परत आल्यावर, शुक्रवार, २० मार्चपर्यंत सादर करीन. तोवर त्यासाठी कोणाला काही करावे लागणार नाही.
>
> श्री. क आणि श्रीमती ग यांच्याशी माझे बोलणे झाले असून दोघांनीही होकार दिला आहे. कपाटाच्या किल्ल्या ६ मार्च रोजी सायंकाळी श्री. क यांच्याकडे देईन. निकड असल्यास रोज दुपारी २ ते ३ या वेळेत मी फोनवर उपलब्ध असेन.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, पदनाम)

सगळा अर्ज ‘सुचवत आहे’ या एका क्रियापदावर तोललेला आहे. ते आणि ‘संमती असावी’ ही दोन एकदाच आली की पुढची सगळी वाक्यं सरळ भविष्यकाळात लिहिता येतात. प्रत्येक वाक्याला ‘आपली हरकत नसल्यास’ जोडत बसावं लागत नाही. तसं जोडलं तर उलट शंका येते, की यातलं नक्की ठरलेलं काय?

काळही नीट पाहा. ‘नमुना दिला आहे’ म्हणजे झालेलं काम, ‘किल्ल्या देईन’ म्हणजे रजेआधी व्हायचं, ‘तपासतील’ म्हणजे रजेत व्हायचं. पुष्कळ अर्जांत या तिन्हींच्या जागी ‘देत आहे’, ‘सोपवत आहे’ असा एकच चालू वर्तमानकाळ येतो. मग किल्ल्या दिल्या की द्यायच्या आहेत हे कळत नाही आणि सोमवारी सकाळी कपाट बंद सापडतं.

‘काम बघतील’ किंवा ‘सांभाळतील’ ही क्रियापदंही फसवी आहेत. देयकं बघायची म्हणजे नोंदवायची, तपासायची की मंजूर करायची? कृतीचं नाव घ्या आणि ती कुठे थांबते तेही लिहा. वरच्या नमुन्यात श्री. क तक्ता भरतात, सही विभागप्रमुखांची. श्रीमती ग तपासतात, पण तफावतीचा निकाल लावत नाहीत. ही सीमा लिहिली नाही तर बदली माणूस एकतर सगळं अडवून ठेवतो नाहीतर नको तिथे पुढे जातो.

साठा अहवालाचा परिच्छेद मुद्दाम ठेवला आहे. आपल्यामागे जे काम होणारच नाही, ते अर्जातून गाळायची सवय सर्रास दिसते. कबुली दिल्यासारखं वाटत असावं. पण न लिहिलेलं काम कोणीतरी करतंय असंच वरिष्ठ धरून चालतात. ‘थांबेल’ लिहायला अवघड वाटत असेल तर ‘परत आल्यावर अमुक तारखेपर्यंत सादर करीन’ असं लिहा. अर्थ तोच, शिवाय तारीख मिळते.

तारखांबद्दल एक. ‘१३ तारखेपर्यंत रजा’ यात तेरावा दिवस रजेचा की हजेरीचा, यावर वाद होतात. ‘दोन्ही दिवस धरून’ आणि हजर होण्याची तारीख, ही दोन्ही लिहिली की प्रश्न मिटतो. वार लिहिल्याने तारखेतली चूकही लगेच पकडली जाते.

बाकी किरकोळ. ‘मिळणेबाबत’ कार्यालयांत रुळलेलं असलं तरी ‘मिळण्याबाबत’ हे प्रमाण रूप आहे. सहकारी वयाने वा पदाने लहान असला तरी अर्जात त्याचा उल्लेख आदरार्थीच हवा : ‘यांच्याकडे’, ‘करतील’. वर ‘मा.’ आणि खाली ‘महोदया’ एवढं संबोधन पुरे, त्यात आणखी ‘साहेब’ नको. शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ हे घरगुती पत्रातलं आणि ‘आपला आज्ञाधारक’ हे शाळेच्या अर्जातलं. नोकरीत ‘आपला विश्वासू’ किंवा ‘आपली विश्वासू’.

अचानक आजारपणात इतकं लिहिणं होत नाही. तेव्हा पाच वाक्यं पुरतात : ‘तापामुळे मी आज कामावर येऊ शकत नाही. आज, ११ मार्चची रजा मिळावी, ही विनंती. आज दुपारी दरपत्रके उघडायची आहेत. कागद माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहेत. हे काम कोणाकडे द्यावे ते आपण ठरवावे.’ आजच्या दिवसात अडणारं एकच काम सांगायचं, बाकीची यादी नको. सहकाऱ्याशी बोलणं झालेलं नसेल तर त्याचं नाव परस्पर घालू नये. आणि इथे ‘आपण ठरवावे’ हे ‘-वे’ बोचत नाही, कारण ते अधिकार त्यांच्याकडेच ठेवतं. फोनवर बोलायची वेळही देऊ नका. तापात ती पाळली जाईलच असं नाही, आणि दिलेल्या वेळेला फोन न उचलणं हे वेळच न देण्यापेक्षा वाईट.

सहकाऱ्यांना अर्जाची प्रत देणार असाल तर तळाशी ‘प्रत : श्री. क, श्रीमती ग – माहितीसाठी’ एवढंच लिहा. ‘माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी’ हे शेपूट सवयीने जोडलं जातं, पण त्यात बरोबरीच्या माणसाला आदेश दिल्यासारखा होतो. तो आदेश संमती मिळाल्यावर विभागप्रमुखांकडून जाईल.