घर तारण आहे म्हणून मालक जोखीम घेणार नाही, हा समज चुकीचा आहे

प्रश्न : बुडायला आलेल्या कंपनीचे भागधारक सुरक्षित काम सोडून जास्त जोखमीचा प्रकल्प का पसंत करतात? आणि बँकेला हे आधी कळत नाही का?

मी भोसरीच्या एका शाखेत बरीच वर्षं क्रेडिट ऑफिसर होतो. तुमचा प्रश्न वाचला आणि एका शेडमधली जमीन डोळ्यांपुढे आली.

दुचाकीचे प्रेस पार्ट बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. मी स्टॉक तपासायला गेलो होतो. स्टेटमेंटमध्ये पत्र्याच्या कॉइल लिहिलेल्या होत्या, प्रत्यक्षात कोपऱ्यात चार-पाच गंजलेल्या पडल्या होत्या. जिथे कॉइल रचलेल्या असायच्या तिथली फरशी फोडून नवं काँक्रीट भरलं होतं आणि त्यातून आठ फाउंडेशन बोल्ट वर आले होते. आट्यांना ग्रीस लावून वर पॉलिथिन गुंडाळलेलं. आमच्या कुठल्याही प्रपोजलमध्ये नवं मशीन नव्हतं. मालकांना विचारलं तर ते काहीही न लपवता म्हणाले, "साहेब, जॉबवर्कच करत बसलो तर वर्षभरात तुम्ही कुलूप लावणारच. डाय-कास्टिंगचं जुनं मशीन घेतोय, बाहेरच्या देशातली ऑर्डर आहे. लागलं तर सगळ्यांचे पैसे देतो."

हा माणूस लबाड नव्हता. त्याच्या खुर्चीत बसून हिशेब केला तर तो बरोबरच होता. आकडे सोपे करून सांगतो.

वर्षअखेर बँकेचं व्याजासकट देणं ८ कोटी. जुनंच काम नीट चालवलं असतं तर कंपनीची सगळी मालमत्ता ६.६ कोटींची झाली असती. म्हणजे ती सगळी बँकेला जाते आणि भागधारकांना शून्य. नवं मशीन चाललं तर १४ कोटी, नाही चाललं तर भंगार आणि उरलंसुरलं धरून २ कोटी. चालण्याची शक्यता चारात एक धरा. सरासरी काढली तर ५ कोटी येते, म्हणजे धंदा म्हणून हा प्रकल्प ६.६ कोटींच्या कामापेक्षा सरळसरळ वाईट. पण भागधारक सरासरी बघत नाही. मशीन चाललं तर कर्ज फेडून त्याला ६ कोटी उरतात, न चाललं तर शून्य, आणि शून्य तर त्याला तसंही मिळणार होतं. त्याचा वाटा सरासरी दीड कोटी. बँकेचा वाटा ६.६ वरून ३.५ वर येतो. बँकेचे ३.१ कोटी गेले, त्यातले १.५ मालकाकडे सरकले आणि १.६ कोटी कोणालाच न मिळता जळाले. हे १.६ कोटी म्हणजे एजन्सी कॉस्ट ऑफ डेट.

आता फक्त कर्ज ३ कोटी धरा, बाकी सगळं तेच. जुन्या कामातून मालकाला ३.६ कोटी नक्की मिळतात. मशीनमधून सरासरी पावणेतीन. तोच माणूस, तेच मशीन, पण आता तो हात लावणार नाही. म्हणून हा प्रश्न स्वभावाचा नाही. तोटा दुसऱ्याच्या खिशातून जायला लागला की कोणीही असाच हिशेब करतो.

असेट सबस्टिट्यूशन हा शब्द पुस्तकात कोरडा वाटतो, त्या शेडमध्ये तो शब्दशः दिसत होता. आम्ही कर्ज दिलं होतं पत्र्यावर आणि गिऱ्हाइकाकडच्या येण्यावर. पत्रा वापरून संपवला, नवा घेतला नाही, आलेली बिलं दुसऱ्या बँकेतल्या चालू खात्यात जमा केली आणि त्यातून मशीनचा ॲडव्हान्स दिला. कर्ज तेच राहिलं, त्याच्या खालची मालमत्ता बदलली. कागदावर ओळखायची खूण एकच : स्टेटमेंटमध्ये विक्री पूर्वीइतकीच, पण कॅश क्रेडिट खात्यात जमा होणारी रक्कम महिन्यागणिक कमी.

मी नोट लिहिली. आमच्या मॅनेजरसाहेबांनी समासात शेरा मारला : "प्रमोटरचं घर तारण आहे, तो असा जुगार खेळणार नाही." या एका वाक्यावर मी आजही भांडायला तयार आहे.

बंगला होता दीड कोटीचा. जुन्या कामात कंपनी १.४ कोटींनी कमी पडत होती, म्हणजे मालक कितीही सरळ वागला तरी बंगला विकून त्याच्या हातात १० लाख उरणार होते. मशीन चाललं तर बंगला वाचतो आणि वर ६ कोटी. गमवायला १० लाख आणि मिळवायला साडेसात कोटी, तेही चारात एक शक्यतेने! घर तारण असल्यामुळे तो थांबला नाही. घर वाचवायचा तोच एक रस्ता उरला होता. तारण माणसाला तेव्हाच धरून ठेवतं, जेव्हा सरळ वागून त्यातलं बरंचसं वाचणार असतं. त्याच्याकडे ६ कोटींची खाजगी मालमत्ता तारण असती तर साहेबांचं म्हणणं खरं ठरलं असतं. सरळ वागून ४.६ कोटी उरतात, मशीन लावून सरासरी ३.

मी आणखी एक म्हटलं होतं, ते तर कोणी ऐकूनच घेतलं नाही. बंगला धरूनसुद्धा मशीनच्या वाटेने बँकेला सरासरी ४.६ कोटींच्या आसपासच मिळणार होते. त्याच दिवशी ८ ऐवजी साडेपाच कोटींवर तडजोड केली असती तर जुनं काम करूनच मालकाकडे २.६ कोटी राहिले असते, मशीन लावून सरासरी २.५. त्याने मशीन सोडलं असतं आणि बँकेला साडेपाच पूर्ण मिळाले असते. "कर्ज बुडवणाऱ्याला बक्षीस द्यायचं का?" हे उत्तर मिळालं.

मशीन आलं. कास्टिंग वरून छान दिसायचं, पण मशिनिंग केलं की आत ब्लो-होल, म्हणजे हवेच्या पोकळ्या. पहिलाच लॉट परत आला. पुढे बँकेला तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली बंगल्यावर नोटीस लागली.

बँकेला आधी कळतं का, हे राहिलंच. कळतं, पण कोण असं करेल ते कळत नाही, म्हणून व्याज सगळ्यांनाच जास्त लागतं. मायकेल जेन्सन आणि विल्यम मेकलिंग या अर्थतज्ज्ञांनी १९७६ मध्ये हेच मांडलं : धनको शहाणा असेल तर या नुकसानीची किंमत कर्ज देतानाच लावतो, आणि शेवटी ती मालकावरच पडते. विचारल्याशिवाय नवं मशीन घ्यायचं नाही, पैसे थेट पुरवठादाराला द्यायचे, या अटी मालकाच्याही फायद्याच्या आहेत, कारण त्यामुळेच व्याज कमी लागतं.

सगळे बुडते धंदे असंच करतात असं मात्र समजू नका. अँड्रेड आणि कॅप्लन या संशोधकांनी १९९८ मध्ये अडचणीत आलेल्या, भरपूर कर्ज असलेल्या अमेरिकन कंपन्या तपासल्या, त्यांना असा जुगार आढळला नाही. माझ्याही बहुतेक खातेदारांनी अडचणीत खर्च कापला, मशिनं विकली, कारण नाव जपायचं होतं आणि पुन्हा त्याच बाजारात उभं राहायचं होतं. माझं उदाहरण मालक स्वतःच धंदा चालवतो अशा कंपनीचं आहे. पगारी व्यवस्थापकाला नोकरीची भीती असते, तो बऱ्याचदा उलट वागतो.