फिट आलेल्या गरोदर पेशंटला मोठ्या हॉस्पिटलला पाठवताना चिठ्ठीत 'मॅगसल्फ दिलं' एवढं लिहिलं तर चालेल ना?

नाही चालत, कारण पुढचा डॉक्टर तेवढ्यावर काहीच ठरवू शकत नाही, लोडिंग परत द्यायचा की पुढचा डोस. नीट असं लिहा, '४ ग्रॅम शिरेतून हळूहळू, ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत, सकाळी १०:२० ला पूर्ण', म्हणजे पुढचा ५ ग्रॅमचा डोस २:२० ला हे त्याला लगेच कळतं. लोडिंग दोनदा गेला तर आधी गुडघ्याचा झटका जातो आणि मग श्वास मंदावतो, म्हणून निघतानाचा श्वासाचा रेट, गुडघ्याचा झटका आणि लघवी किती झाली हेही टाका. आणि हो, अर्धाच डोस गेला असेल तर अर्धाच लिहा, लाजायचं काय त्यात!