पूररात्रीच्या कॉलचे टिपण स्वच्छ करताना

प्रश्न: पुराच्या रात्री झालेल्या तातडीच्या कॉन्फरन्स कॉलचे कच्चे टिपण आणि रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. वेळा, कोणाला काय काम दिले आणि घाईत घेतलेले निर्णय यांना धक्का न लावता इतिवृत्त नीट कसे करावे?

मी पूरकाळात नियंत्रण कक्षात हे काम केले आहे. माझ्या मते यातला सर्वांत मोठा धोका अशुद्ध मराठीचा नसून नको तितक्या नीटनेटकेपणाचा असतो. भाषा खुशाल सुधारावी. मात्र त्या क्षणी कोणाला काय ठाऊक होते, ते मागाहून सुधारू नये.

सुरुवात घड्याळांपासून करावी. टिपण घेणारा भिंतीवरचे घड्याळ पाहून वेळ लिहितो, रेकॉर्डिंग शून्यापासून मोजते आणि व्हॉट्सॲप फोनची वेळ दाखवते. या तिन्हींत आढळलेली एकच घटना शोधावी. समजा, जिल्हाधिकारी कॉलवर आल्याची नोंद टिपणात ०२:१४ ची आहे, रेकॉर्डिंगमध्ये ती सहाव्या मिनिटाला ऐकू येते आणि ‘साहेब जॉइन झाले’ हा गटावरचा संदेश ०२:१० चा आहे. फोन नेटवर्कवरून वेळ घेत असेल, तर भिंतीवरचे घड्याळ चार मिनिटे पुढे आहे आणि रेकॉर्डिंग ०२:०४ ला सुरू झाले आहे. कॉलच्या शेवटाकडची आणखी एक घटना घेऊन हाच फरक पुन्हा तपासावा, कारण कॉल मध्येच तुटून रेकॉर्डिंग नव्याने सुरू झाले असेल तर पहिले गणित पुढच्या भागाला लागू पडत नाही. हा फरक इतिवृत्ताच्या डोक्यावर एका वाक्यात लिहावा आणि मूळ टिपणातल्या वेळा खोडू नयेत. व्हॉट्सॲप मिनिटापर्यंतचीच वेळ दाखवते, त्यामुळे सेकंदांची अचूकता मिरवण्यात अर्थ नाही. एकाच मिनिटातल्या दोन वाक्यांचा क्रम मात्र रेकॉर्डिंगवरूनच ठरवावा. जी वेळ पक्की होत नाही तिथे ‘०२:३० ते ०२:३५ दरम्यान’ असे लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरते. मध्यरात्र ओलांडणाऱ्या कॉलमध्ये प्रत्येक पानावर तारीख हवी, नाहीतर ‘काल रात्रीची पातळी’ म्हणजे नेमकी कोणत्या तारखेची, हा घोळ हमखास होतो.

आता एक काल्पनिक पण नेहमी घडते तसे उदाहरण घेऊ. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते. कच्चे टिपण असे आहे:

‘आवाज येतोय का... पातळी अडतीस फूट. चाळीस झाले की काठची वस्ती काढा. शाळा उघडा कुणीतरी. मी बघतो. अहो, ती दहाची पातळी होती, दोनची एकोणचाळीस-चार आहे. मग आत्ताच काढा.’

घड्याळाची दुरुस्ती करून त्याच्या नोंदी अशा होतील:

०२:११ – जलसंपदा विभागाचे प्रतिनिधी: पातळी ३८ फूट. (वाचनाची वेळ सांगितली नाही.)
०२:१३ – जिल्हाधिकारी, सशर्त निर्णय: पातळी ४० फूट होताच नदीकाठची वस्ती हलवावी.
०२:१५ – जिल्हाधिकारी: निवाऱ्यासाठी शाळा उघडाव्यात, नाव घेतले नाही. महापालिका उपायुक्त: ‘मी बघतो.’
०२:१९ – जलसंपदा विभागाचे प्रतिनिधी, दुरुस्ती: ३८ फूट हे आदल्या दिवशीचे २२:०० चे वाचन, ०२:०० चे वाचन ३९ फूट ४ इंच.
०२:२० – जिल्हाधिकारी, निर्णयात बदल: ४० फुटांची अट रद्द, स्थलांतर तत्काळ सुरू करावे.

स्वच्छ करणाऱ्याचा हात नेमका ०२:११ च्या नोंदीवर शिवशिवतो. चुकीचा आकडा ठेवायचा कशाला, म्हणून तो तिथेच ३९ फूट ४ इंच लिहून दुरुस्तीची ओळ गाळतो. वाचायला सुटसुटीत होते खरे, पण मग कागद असे सांगू लागतो की, पाणी इशारा पातळीला अवघे आठ इंच उरलेले असल्याचे माहीत असूनही जिल्हाधिकाऱ्यांनी अट घातली आणि पुढे काही कारण नसताना ती फिरवली. प्रत्यक्षात चार तासांत १६ इंच, म्हणजे तासाला चार इंच, पाणी चढत होते. त्याच गतीने ४० फूट पहाटे ०४:०० च्या सुमारास होणार होते, आणि तोवर थांबणे म्हणजे अंधारात, पावसात म्हाताऱ्याकोताऱ्यांना हलवण्यासाठी हाती असलेले जवळपास दोन तास घालवणे. हे गणित कॉलवर कोणी बोलून दाखवले नसेल, तर ते इतिवृत्तात घालू नये. लिहायचेच असेल तर ‘संकलकाची टीप’ म्हणून वेगळे लिहावे. त्यामुळे आकडा सांगितल्याची वेळ आणि आकडा मोजल्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रत्येक नोंदीत दिसले पाहिजे.

‘मी बघतो’ हे वाक्यही तसेच. ते ‘शाळा उघडण्याची जबाबदारी उपायुक्तांकडे सोपवण्यात आली’ असे सजवू नये, कारण सोपवणाऱ्याने नाव घेतलेले नाही. काम कोणी दिले, कोणाला दिले आणि समोरच्याने होकार दिला का, हे तिन्ही वेगवेगळे लिहावे. गप्प बसणे हा होकार नव्हे. व्यक्तीच्या नावासोबत त्या रात्रीची भूमिका लिहावी, कारण प्रभारी म्हणून बसलेला माणूस सकाळी पाळी बदलताच निघून जातो आणि अर्धवट कामे नव्या माणसाकडे जातात. ती कोणत्या वेळी, कोणाकडे गेली, ही स्वतंत्र नोंद आहे. नुसते ‘तहसीलदार’ लिहून भागत नाही, कॉलवर अनेकदा दोन तालुक्यांचे असतात.

‘असे ठरले’ किंवा ‘निर्णय घेण्यात आला’ ही आपली लाडकी सरकारी वाक्ये इथे टाळावीत. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम २६ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असलेले जिल्हाधिकारी आणीबाणीत प्राधिकरणाचे अधिकार एकट्याने वापरू शकतात, पण त्याला नंतर प्राधिकरणाची मान्यता लागते. मान्यता द्यायची ती नेमक्या कोणत्या निर्णयाला, हे कर्ता गाळलेल्या वाक्यातून कळणार कसे? सूचना, निर्णय आणि प्रत्यक्ष आदेश यांत फरक ठेवावा, रद्द झालेला निर्णयही जागेवर राहू द्यावा आणि कोणी हरकत घेतली असेल तर ती एका ओळीत लिहावी.

गाळायचे ते मोकळ्या मनाने गाळावे: अडखळणे, एकच वाक्य तीनदा बोलणे, चिडून निघालेला शब्द. ‘आवाज येतोय का’ हेही जाऊ द्यावे, पण त्या खंडात कोणी कॉलबाहेर पडले असेल तर ती नोंद ठेवावी; ०२:२० चा बदल ज्याने ऐकलाच नाही, तो ४० फुटांची वाट पाहत बसेल. ऐकू न आलेल्या शब्दाजागी ‘अस्पष्ट’ लिहावे, अंदाज भरू नये.

मसुदा सहभागींना पाठवल्यावर ‘माझ्या बोलण्याचा अर्थ तसा नव्हता’ असे फोन येतील. रेकॉर्डिंग ऐकून संकलनातली चूक निघाली तर नोंद बदलावी. बाकीचे खुलासे त्या व्यक्तीच्या नावाने, खुलासा दिल्याच्या तारीख-वेळेसह शेवटी जोडावेत. कच्चे टिपण आणि रेकॉर्डिंग यांची प्रत मात्र मसुदा करायला बसण्याआधीच वेगळी काढून ठेवावी.